गच्चीच्या कामाचा दाखला

आमच्या सोसायटीचा मानद सचिव मी कसा झालो, याचे उत्तर सोपे आहे. मी शाळेत शिकवीत होतो आणि माझे अक्षर वाचता येत असे. नेरूळला नव्याने राहायला आलेल्या आम्हा कुटुंबांपैकी बहुतेकांना सकाळी लवकर मुंबईला जाऊन रात्री परतायचे असे. मी दुपारी घरी असे. पहिल्याच सर्वसाधारण सभेत कोणी तरी म्हणाले, "सर आहेत ना, मग टेन्शन कशाला?" आणि इतिवृत्ताची वही माझ्या हाती आली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही इमारतीच्या दुरुस्तीचे काम काढले. इमारत फार जुनी नव्हती, तरी गच्चीतून पाणी झिरपत होते आणि बाहेरच्या भिंतींचा गिलावा फुगून सुटत होता. आम्ही वरच्या मजल्यावर राहत असल्यामुळे झिरपण्याचा पहिला मान आमचा. मागच्या खोलीच्या छतावर एक तपकिरी डाग होता आणि दर पावसाळ्यात तो पुढे सरकत असे. तो किती सरकतो हे कळावे म्हणून मी स्टुलावर चढून त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारली होती. स्टूल माझ्या पत्नीने धरले होते. ती म्हणाली होती, "अहो, नकाशा काढताय की काय? नद्यासुद्धा दाखवा."

काम ज्या कंत्राटदाराला दिले तो रायगडच्या खाडीकाठच्या गावचा, कोकणी मुसलमान. वय माझ्याएवढेच असेल. सगळे त्याला भाई म्हणत, मीही म्हणत असे. पुष्कळ वर्षे त्याने दुसऱ्यांच्या हाताखाली कामे केली होती. इमारती त्याने उभ्या केल्या आणि कागदावर नाव दुसऱ्याचे राहिले. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या निविदेवर मिळालेले हे त्याचे पहिले काम. सोसायटीने सल्लागार इंजिनीयर नेमला होता. कामाची मोजमापे घेणे आणि बिले तपासणे हे त्याच्याकडे, पत्रव्यवहार माझ्याकडे.

कामाचा आदेश मी फेब्रुवारीत लिहिला. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काम पुरे करायचे, अशी मुदत त्यात होती. काम वेळेवर सुरू झाले. आधी जुना कोबा फोडायचा, खालचा स्लॅब झाडूनधुऊन स्वच्छ करायचा, भेगा भरायच्या, मग विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा उतार देऊन घालायचा, असा त्याचा क्रम असतो. कोबा फोडताना छिन्नी-हातोड्याचा आवाज थेट आमच्या डोक्यावर होई. आवाज इतका की मी उत्तरपत्रिका तपासायला शाळेतच थांबू लागलो.

पत्नी तेव्हा आजारी होती; काम सुरू झाल्यावर काही दिवस घरीच होती, मग तिला इस्पितळात ठेवावे लागले. मार्चमध्ये डॉक्टरांनी तिला घरी नेण्यास सांगितले. ती बरी झाली म्हणून सांगितले नव्हते.

आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरवता येईना. रुग्णवाहिकेची माणसे दमून उभी राहिली, तेव्हा गच्चीवरून भाईची चार माणसे उतरली. हात धुऊन, ओले हात लुंगीला पुसून त्यांनी स्ट्रेचरची टोके धरली आणि एकाने "हळू, हळू, डावीकडं घे" म्हणत ते वर आणले. भाई स्वतः मागे पाण्याची बाटली घेऊन चालत होता. दाराशी त्याने चप्पल काढली, पण आत आला नाही.

त्यानंतरचे दिवस मला क्रमाने आठवत नाहीत. एरवी क्रम ही माझी सवय. शाळा, औषधे, नळाची वेळ, परीक्षा हे सारे मी केले असले पाहिजे, कारण ते झाले. एक संवाद मात्र आठवतो. ती छताकडे पाहत होती. म्हणाली,

"आज गच्चीवर काम नाही का?"

"सुट्टी असेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारले. मी म्हणालो, "नसतील आले. तुला बरंच आहे की, शांत."

"शांत कसलं," ती म्हणाली. "ठोकाठोकी असली की घरात माणसं आहेतसं वाटायचं. तुम्ही शाळेत असता तेव्हा मी त्यांचं बोलणं ऐकायचे. एकजण सारखा जेवणाची वेळ विचारायचा."

मी खिडकी बंद केली आणि औषध मोजले. आवाज का थांबला, हे मी कोणाला विचारले नाही. खरे म्हणजे आवाज थांबला आहे, हेही मला तिच्या बोलण्यावरूनच कळले होते.

एप्रिलमध्ये ती गेली. दिवसकार्ये झाली, पाहुणे परतले. पुढे केव्हा तरी गच्चीवर पुन्हा हातोडे सुरू झाले. मेअखेर काम पुरे झाले. गच्चीचे पाइप बुजवून, पाणी साठवून काही दिवस ठेवण्याची चाचणी इंजिनीयरने घेतली. खाली आमच्या छताची पाहणीही त्यानेच केली. मी त्या खोलीच्या दाराबाहेर उभा होतो. तिथून त्याची पाठ दिसत होती.

शाळा सुरू झाल्यावर एका रविवारी भाई आला. खुर्चीच्या कडेवर बसला. हातात प्लास्टिकची पिशवी होती.

"सर, एक दाखला पायजे. काम पूर्ण केल्याचा."

त्याला बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटदार म्हणून नोंदणी करायची होती. नोंदणी झाली तर तो सरकारी कामांच्या निविदा स्वतःच्या नावे भरू शकणार होता. अर्जासोबत त्याच प्रकारच्या, स्वतःच्या नावावर पुऱ्या केलेल्या कामाचा मालकाने दिलेला दाखला हवा होता. त्याच्याकडे असे काम एकच होते, आमचे.

"मुदत कधीपर्यंत आहे?"

"येत्या शुक्रवारी अर्ज बंद. नाय झालं तर परत दुसऱ्याच्या हाताखाली. पोरगी बोलते, अब्बा, तुमचं नाव कधी येनार पाटीवर?" तो हसला. मग हसणे आवरून पिशवीतून त्याने कार्यालयाचा नमुना काढला.

वाचकांपैकी ज्यांना अशा कागदाशी काम पडलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. काम पूर्णत्वाचा दाखला म्हणजे शिफारसपत्र नव्हे. ती साक्ष असते. कोणते काम, कोणत्या आदेशाने, किती किमतीचे. केव्हा सुरू झाले, केव्हा पुरे व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात केव्हा झाले. दंड आकारला का. आणि कामाचा दर्जा कसा होता, एवढे त्यात असावे लागते. वाचणारा अधिकारी दोन तारखांकडे आधी पाहतो: मुदतीची आणि प्रत्यक्षाची. दुसरी पहिलीच्या पुढे गेली असेल, तर तो पुढची ओळ शोधतो. मुदतवाढ मंजूर झाली होती का, आणि विलंब कोणामुळे झाला?

आमच्या बाबतीत दुसरी तारीख पुढे गेली होती.

"भाई, काम मध्ये थांबलं होतं. का?"

तो नमुन्याच्या कागदाची घडी नीट करीत होता. "मानसं गावी गेलेली, सर. लगीनसराई होती ना."

"मुदतवाढीचा अर्ज दिला होतात?"

"नाय दिला."

"मग मला विलंब कंत्राटदाराकडून असं लिहावं लागेल."

"जे हाय ते ल्हिवा," तो म्हणाला. चहा अर्धा ठेवून उठला. नमुना टेबलावर राहिला.

पुढे जाण्याआधी स्पष्ट करतो. मी कठोर होण्यासाठी कठोर होत नव्हतो. मला त्या दिवसांत काही वाटत नव्हते. रकाना असला की मी तो भरत होतो.

बुधवारी संध्याकाळी समितीची बैठक अध्यक्षांच्या घरी भरली. अध्यक्ष आमच्या खालच्या मजल्यावर राहत. ते बँकेत होते आणि मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे हळू बोलणे त्यांना जमत नसे. मी विषय मांडला. दाखला द्यायचा आहे, परंतु काम मुदतीबाहेर गेले आहे आणि मुदतवाढ घेतलेली नाही.

"अहो सर, तारीख मुदतीतली टाका आणि मोकळे व्हा," अध्यक्ष म्हणाले. "कोण येतंय तपासायला? गच्ची काय उठून साक्ष देणारे?"

"इंजिनीयरच्या अंतिम मोजमापावर मेअखेरची तारीख आहे. आपण बिलातून कर कापला त्याचा दाखलाही तो अर्जाला जोडणार. दोन कागदांवर दोन तारखा पडल्या तर अर्ज त्याचाच फेटाळला जाईल. आपलं काही जाणार नाही."

"मग खरी टाका. पण बिचाऱ्याचा काय दोष? तुमच्यासाठी थांबला, आणि तुम्हीच—"

मी त्यांच्याकडे पाहिले.

"माझ्यासाठी?"

"म्हणजे काय! वहिनींना घरी आणलं त्या दिवसापासून त्यानं हातोडा बंद केला. आम्हाला वाटलं तुम्हीच सांगितलं असेल."

"माणसं गावी गेली होती."

"कुठली गावी, सर! खाली शेडमध्ये बसून पत्ते खेळत होती. रोज भांडण, रोज चहा. मी एकदा गॅलरीतून ओरडलोसुद्धा, 'अरे, पगारी सुट्टी लागली का तुम्हाला?' तर भाई म्हणाला, 'वर आजारी मानूस हाय, साहेब. डोक्यावर कोबा कसा फोडायचा?' मी म्हटलं, मग मागच्या भिंती तरी घे. तर म्हणतो, तिकडं पन गिलावा फोडायला लागेल, आवाज भिंतीतून वर जातो. एवढं झाल्यावर मी काय बोलणार?"

अध्यक्षांच्या पत्नीने चहाचा ट्रे आणला होता, तो त्या तशाच धरून उभ्या राहिल्या. "सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या.

मी इतिवृत्ताच्या वहीत तारीख लिहिली. ती आधीच लिहिलेली होती, असे नंतर दिसले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भाईला निरोप पाठवला. तो नेरूळ स्टेशनाजवळच्या एका दुकानाचे काम पाहत होता. पाऊण तासात आला, अंगावर सिमेंट तसेच.

"माणसं गावी गेली असं का सांगितलंत?"

तो म्हणाला, "बाई गेल्या, सर. आनि मी येऊन काय बोलू? तुमच्या घरात दुखनं होतं म्हनून मी थांबलो, आता त्याचा कागद द्या? असं तोंडानं कसं बोलायचं? आमच्यात तर शेजारी मयत झाली तर चूल पन उशिरा पेटते. आनि मी काय उपकार केला? डोक्यावर हातोडा नाय मारला, एवढंच."

"अर्ज लागेल," मी म्हणालो.

"कसला?"

"मुदतवाढीचा. आजच्या तारखेचा. मागची तारीख घालायची नाही. काम का थांबवलंत ते लिहा. समिती कार्योत्तर मंजुरी देऊ शकते. झालेल्या गोष्टीला नंतर मान्यता देता येते. फक्त ती नंतर दिली आहे, हे लपवायचं नसतं."

"तुमी ल्हिवा ना, सर. माजं मराठी कागदाचं नाय."

"मी लिहून दिलं तर मागणारा मीच आणि देणारा मीच. तुम्हीच लिहा. मी शब्द सांगत नाही. चुकलं तर चालेल."

त्याने माझ्या टेबलावर बसून लिहिले. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी मुले लिहितात तसे, ओठ हलवीत. तीन ओळी झाल्या. त्यात त्याने 'आवाजाने त्रास होऊ नये' असे लिहिले होते. मी कागद घेतला, खाली प्राप्तीची सही केली, आवक क्रमांक टाकला. ते शब्द माझ्यासमोर होते. तिला आवाज हवा होता, हे मी त्याला त्या क्षणी सांगू शकलो असतो. तिने दोनदा विचारले होते, हेही. मी टाचणी शोधली आणि अर्ज समितीच्या कागदाला लावला.

त्याच रात्री जेवणाआधी अध्यक्ष व खजिनदार यांनी बैठक पुन्हा बोलावून ठराव केला. अध्यक्ष म्हणाले, "कारण काय लिहिताय? 'अपरिहार्य' लिहा. अपरिहार्यमध्ये सगळं बसतं."

"त्यात काहीच दिसत नाही. वाचणाऱ्याला विलंब कोणाचा ते कळलं पाहिजे."

"तुम्हाला लिहायला जड जाईल म्हणून म्हटलं हो."

"जड नाही," मी म्हणालो. ते खरे होते.

दर्जाचा रकाना राहिला होता. इंजिनीयरचा अहवाल माझ्याकडे होता. चाचणीत गळती आढळली नाही, असे त्यात स्पष्ट होते. पण शाळेतही दुसऱ्या शिक्षकाने तपासलेल्या पेपरावर मी शेरा लिहीत नसे. मी मागच्या खोलीचे दार उघडले.

पलंग भिंतीला लावलेला होता. गादी कोणी तरी गुंडाळून ठेवली होती. स्टूल तिथेच होते. मी चढलो. धरायला कोणी नव्हते म्हणून एक हात भिंतीला लावला. डाग होता तसाच होता, तपकिरी, आणि पेन्सिलीची रेघ त्याच्या कडेने फिरलेली. रेघेपलीकडे काही गेले नव्हते. मी तळवा छताला टेकवला. कोरडे होते. जून सरत आला होता, बाहेर पाऊस होता, आणि छत शाळेच्या फळ्यासारखे कोरडे होते. नदी दाखवायची राहिली, एवढे मनात आले. मी खाली उतरलो, स्टूल जागेवर ठेवले आणि दार ओढून घेतले.

दर्जाच्या रकान्यात 'समाधानकारक', 'चांगला' आणि 'उत्तम' असे शब्द वापरण्याचा प्रघात आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मी वर्षानुवर्षे 'वर्तणूक चांगली' असे लिहीत आलो होतो. 'उत्तम' मी कोणाला सहसा लिहीत नसे, कारण मग खऱ्या उत्तमासाठी शब्द उरत नाही. इथे मी 'चांगला' लिहिले. पुढे जोडले: गच्चीवर पाणी साठवून घेतलेल्या चाचणीत गळती आढळली नाही; पावसाळ्यात छताची प्रत्यक्ष पाहणी केली असता ते कोरडे आढळले; दोष निघाल्यास कंत्राटदाराने ते दूर करण्याचा, म्हणजे दोषदायित्वाचा, काळ अद्याप चालू आहे.

तारखांखालचा परिच्छेद असा होता: 'गच्चीखालील सदनिकेत अत्यवस्थ रुग्ण असल्याने कंत्राटदाराने फोडकाम मध्यंतरी थांबविले. विलंब कंत्राटदाराच्या कसुरीमुळे झालेला नाही. समितीने ठरावाद्वारे मुदतवाढीस कार्योत्तर मंजुरी दिली असून दंड आकारण्यात आलेला नाही.'

हे लिहायला मला फार वेळ लागला नाही. एकही शब्द खोडावा लागला नाही. शाळेतल्या टंकयंत्रावर दुसऱ्या सकाळी ते उतरवले, सोसायटीचा शिक्का मारला, जावक क्रमांक घातला. भाई फाटकाबाहेर स्कूटरवर वाट पाहत होता. शुक्रवार होता.

त्याने तिथेच उभे राहून वाचले. परिच्छेदापाशी बोट थांबले.

"हे एवढं ल्हिलं, सर?"

"एवढंच लागतं."

त्याने कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत घातली, आणि बेलापूरच्या रस्त्याने गेला. मला तिसरा तास होता. त्रिकोणांची एकरूपता.

श्रावणात केव्हा तरी तो पुन्हा आला. नोंदणी झाली होती. पेढे आणले होते. एक पुडा माझ्यासाठी आणि एक अध्यक्षांसाठी. "साहेबांना सांगा, पगारी सुट्टी फळाला आली." या वेळी तो खुर्चीत पूर्ण टेकून बसला.

"काही विचारलं का त्यांनी?"

"तारखा बघितल्या. ठरावाची प्रत बघितली. मग तो साहेब बोलला, ठीक हाय. आनि शिक्का मारता मारता विचारलं..." तो थांबला.

"काय?"

"पेशंट बरा झाला का, बोलला."

मी पेढ्याच्या पुड्याचा दोरा सोडवीत होतो.

"मी 'हो' बोललो, सर. काय माहीत का. तोंडातून निघालं."

"चालेल," मी म्हणालो.

त्याची नजर मागच्या खोलीच्या दाराकडे गेली. दाखला दिल्यापासून ते दार मी लावत नव्हतो. बसल्या जागेवरून त्याला छत दिसत असावे.

"तो डाग तसाच ऱ्हायला. वल नाय, पन दिसतं वाईट. उद्या मानूस धाडतो. जुना रंग खरवडायला लागेल, छिन्नी मारायला लागेल थोडी." तो जरा अवघडला. "आवाज होईल, सर. तुमी शाळेत असाल तेव्हा करून घेऊ?"

"नको," मी म्हणालो. "उद्या मी घरी आहे. होऊ द्या आवाज."